जुन्या साहेबांना रेफरन्ससाठी विचारताना: ‘हो’ सोपे जावे आणि ‘नाही’ही

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी पाच वर्षांहून अधिक काळ क्वालिटी विभागात होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये नोकरी सोडताना माझे साहेब म्हणाले होते, “कधी काही लागलं तर सांग.” या एका वाक्याच्या आधारावर पुढच्या वर्षी पुण्यातील नोकरीच्या फॉर्मवर मी त्यांचे नाव आणि मोबाईल क्रमांक लिहून टाकला; त्यांना विचारले नाही, कळवलेही नाही. पडताळणी करणाऱ्या एजन्सीचा फोन त्यांना नेमका भट्टीवर ओतकाम चालू असताना आला. एजन्सीने माझे लग्नानंतरचे आडनाव सांगितले, जे साहेबांनी कधी ऐकलेलेच नव्हते. “या नावाचं आमच्याकडं कोणी नव्हतं,” एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. एजन्सीच्या दृष्टीने मी खोटी नोकरी दाखवली होती. ते निस्तरायला नऊ दिवस गेले आणि नोकरीवर रुजू होण्याची तारीख पुढे ढकलावी लागली.

२०२५ मध्ये कोल्हापुरात परतायचे ठरवले आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत अर्ज केला, तेव्हा मी हे काम वेगळ्या पद्धतीने केले. ती पद्धत पुढे क्रमाने देत आहे. तिचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: समोरच्याला नकार देणे इतके सोपे करून ठेवायचे, की त्याने दिलेला होकार हा खरोखरीचा होकार असेल.

१. आधी कोणाकडून काय मागितले जाते ते वेगळे करा

नोकरी देणारी कंपनी जुन्या नोकरीबद्दल दोन निरनिराळ्या गोष्टी तपासते आणि नव्याने नोकरी बदलणारे बहुतेक जण त्यांची गल्लत करतात. पहिली गोष्ट म्हणजे नोकरीची पडताळणी. तिच्यात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, सोडण्याचे कारण आणि काही देणे बाकी आहे का, हे विचारले जाते आणि ते जुन्या कंपनीच्या एचआर विभागाने सांगायचे असते. दुसरी गोष्ट म्हणजे रेफरन्स. त्यासाठी तुमच्या कामावर प्रत्यक्ष देखरेख केलेला माणूस लागतो आणि प्रश्न असतात ते कामाचे: काय पाहत होती, अडचण आली की कशी वागत होती, सहकाऱ्यांशी कसे जमत होते, कुठे कमी पडत होती, पुन्हा घ्याल का.

हा फरक साहेबांना स्पष्ट सांगितला पाहिजे. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्यांबद्दलची माहिती फक्त एचआरनेच द्यावी असा नियम असतो, आणि पगार किंवा तारखा आपल्याला विचारल्या जातील या धास्तीने एरवी आनंदाने बोलणारा माणूसही मागे सरतो. तारखांचे काम एचआरचे आहे, आपल्याकडून फक्त कामाबद्दलचे मत हवे आहे, हे कळले की त्याच्यावरचे अर्धे ओझे उतरते.

२. कोणाला विचारायचे ते ठरवा

मोठ्या हुद्द्याचे नाव देण्याचा मोह टाळावा. संचालकांना तुमचा चेहरा आठवत असेल, पण तुम्ही सोमवारी सकाळी काय करत होता हे सांगता येणार नाही. ज्याने तुमचा रिपोर्ट वाचून परत पाठवला होता, तोच माणूस उपयोगाचा असतो.

सध्या ज्या कंपनीत आहात तिथल्या वरिष्ठांचे नाव, त्यांना तुमच्या जाण्याची कल्पना नसेल तर, देऊ नये. ‘यांच्याशी आता संपर्क साधू नये’ अशी नोंद करण्याची सोय बहुतेक फॉर्मवर असते; नसेल तर भरती पाहणाऱ्याला लेखी कळवावे.

कोल्हापूरच्या उद्योगात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. इथे माणसे शिरोलीहून गोकुळ शिरगावला, तिथून कागलला अशी फिरत असतात. माझे जुने साहेब आता स्वतःच गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत होते आणि मी जिथे अर्ज केला होता ती कंपनी त्याच ग्राहकांना माल देणारी होती. अशा वेळी त्यांचे बोलणे त्यांच्या सध्याच्या मालकांना खटकू शकते. त्यांच्या नकाराला माझ्याबद्दलच्या मताशी काही संबंध नसलेले असे कारण असू शकते, हे मी विचारण्याआधीच गृहीत धरले आणि म्हणूनच एकाऐवजी दोघांना विचारायचे ठरवले. दुसरे होते तेव्हाचे प्लांट हेड, जे आता निवृत्त झाले आहेत.

३. विचारण्यापूर्वी हे कागद समोर ठेवा

- रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचे प्रमाणपत्र. तारखा आणि हुद्दा यांवरूनच अक्षरशः उतरवून घ्यावा.
- ईपीएफओच्या पोर्टलवरील सर्व्हिस हिस्टरी. पडताळणीत ती अनेकदा पाहिली जाते.
- नावात बदल झाला असेल तर विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी.
- नव्या जागेची जाहिरात किंवा कामाचे वर्णन.

यांतील तारखांवर थोडा वेळ घालवावा, कारण सर्वाधिक घोटाळे तिथेच होतात. मी जुलै २०१७ मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून आले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये कायम झाले. साहेबांच्या आठवणीत मी २०१७ पासून आहे, एचआरच्या नोंदीत २०१८ पासून. अप्रेंटिस कायद्याखालील प्रशिक्षणार्थींचा भविष्य निर्वाह निधी कापला जात नाही, त्यामुळे ते पहिले वर्ष सर्व्हिस हिस्टरीत दिसत नाही. ज्यांनी सुरुवातीची वर्षे कंत्राटदाराच्या पगारपत्रकावर काढली आहेत, त्यांच्या सर्व्हिस हिस्टरीत तर कंपनीऐवजी कंत्राटदाराचेच नाव असते. दोन्ही बाजू खरे बोलत असूनही एजन्सीला विसंगती दिसते. तुम्ही फॉर्मवर ‘प्रशिक्षणार्थी’ आणि ‘कायम’ असे दोन कालावधी वेगळे लिहिलेत आणि साहेबांनाही तसेच कळवलेत, की हा प्रश्न उरत नाही.

४. लेखी विचारा, समोरासमोर नको

माझ्या वडिलांना ही गोष्ट अजिबात पटली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारायचे म्हणजे उद्धटपणा. घरी जाऊन, बसून, रीतसर बोलावे, असे त्यांचे म्हणणे. मला त्यांचा मुद्दा कळतो, पण त्यातच खरी गोम आहे. घरी गेले की चहा होतो, मुलाबाळांची चौकशी होते, आणि मग समोर बसलेल्या मुलीला “नको” म्हणणे आपल्याकडे कोणालाही जमत नाही. रंकाळ्यावर फिरताना गाठले किंवा लग्नाच्या पंगतीत विचारले तरी तेच होते. भिडेखातर होकार मिळतो आणि तो माणूस पुढे एजन्सीच्या फोनवर दोन शब्दांत बोळवण करतो. फोनवर विचारण्यातही हीच अडचण आहे, कारण तिथेही उत्तर तत्क्षणी द्यावे लागते. लिहिलेला निरोप मात्र तो रात्री जेवणानंतर वाचू शकतो, आपल्या कंपनीचा नियम पाहू शकतो आणि तोंड न दाखवता नाही म्हणू शकतो.

बराच काळ संपर्क नसेल तर खुशालीचे चार निरोप आधी पाठवून मग हळूच मूळ विषयावर येऊ नये. ते समोरच्याच्या लगेच लक्षात येते आणि नकार आणखी अवघड होतो. पहिल्याच निरोपात काम सांगावे.

मी दोघांना पाठवलेला निरोप, खाली माझे पूर्ण नाव माहेरच्या आणि सासरच्या आडनावासह घालून, असा होता:

> साहेब, नमस्कार. जुलै २०१७ ते नोव्हेंबर २०२२ मी आपल्याकडे क्वालिटी विभागात सँड लॅब पाहत होते. कागलच्या पंचतारांकित वसाहतीतील एका फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी माझी निवड शेवटच्या टप्प्यात आहे. पूर्वीच्या वरिष्ठांपैकी दोघांची नावे त्यांनी मागितली आहेत. त्यांपैकी एक नाव आपले देऊ का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे.
>
> पुढच्या आठवड्यात १० ते १५ मिनिटांचा एक फोन येईल किंवा त्याऐवजी ईमेलवर एक फॉर्म येईल. प्रश्न माझ्या कामाबद्दलचे असतील. तारखा आणि पगार ते एचआरकडून घेणार आहेत.
>
> बुधवारी संध्याकाळपर्यंत पुढीलपैकी फक्त आकडा कळवला तरी पुरे आहे.
> १ – हो, कामाबद्दल बोलेन.
> २ – माझ्या हाताखाली काम केले, एवढेच सांगेन.
> ३ – या वेळी नको.
>
> ३ असेल तर कारण कळवण्याची गरज नाही. माझ्याकडे आणखी एक नाव आहे. बुधवारपर्यंत निरोप आला नाही तर मी ३ समजेन आणि पुन्हा विचारून आपल्याला अडचणीत टाकणार नाही.

यातील काही शब्द मी मुद्दाम योजले होते. “आपण माझा रेफरन्स द्याल ना?” या प्रश्नातला ‘ना’ उत्तर आधीच ठरवून टाकतो, म्हणून तो नको. “माझ्याबद्दल चांगले सांगाल का?” हेही विचारू नये, कारण त्याला नाही म्हणणे म्हणजे तोंडावर अपमान करणे होते. कामाचे माप, म्हणजे १५ मिनिटे आणि पुढचा आठवडा, सांगितल्याने हे लचांड किती दिवस चालेल ही शंका राहत नाही. दुसरा पर्याय सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्याला पूर्ण होकार देता येत नाही आणि पूर्ण नकार द्यायचा नाही, त्याला उभे राहायला ती जागा लागते. आणि गप्प राहणे हाही नकार मानला जाईल असे लिहिल्यामुळे, त्याला नकाराचा एक शब्दही टाइप करावा लागत नाही.

‘आणखी एक नाव आहे’ हे वाक्य खरे असेल तरच लिहावे. माझ्याकडे पुण्याच्या नोकरीतील, आता दुसरीकडे गेलेल्या एका वरिष्ठ बाईंचे नाव तयार होते. ते नसते तर मी ते वाक्य गाळले असते, पण कारण विचारणार नाही हे वाक्य तरीही ठेवले असते.

निरोप कधी पाठवायचा हेही पाहावे. महिनाअखेरीची डिस्पॅचची घाई, ग्राहकाचे ऑडिट, मार्चचा शेवट हे दिवस टाळावेत. आणि फॉर्म भरायच्या आदल्या रात्री विचारू नये. किमान तीन कामाचे दिवस द्यावेत. मुलाखतीची दुसरी फेरी ठरली की विचारायला हरकत नाही.

५. उत्तराचा खरा अर्थ लावा

आकडा मागितला तरी सगळेच आकडा देतात असे नाही. “देऊन टाक की नाव, त्यात काय विचारायचं!” हे उत्तर ऐकायला फार गोड वाटते, पण ते देणाऱ्याने निरोप शेवटपर्यंत वाचलेला नसतो. अशा वेळी एकच ओळ परत पाठवावी: “धन्यवाद साहेब. म्हणजे १ समजू ना? फोन कोणत्या वेळी आला तर बरे पडेल?” वेळ सांगितली तर होकार पक्का. वेळ टाळली तर तो दुसरा किंवा तिसरा पर्याय समजावा.

“बघूया की”, “फोन आला तर उचलतो”, “एचआरलाच विचारायला सांग ना” ही तिन्ही उत्तरे नकारच आहेत, फक्त कोल्हापुरी सौजन्याने दिलेली. इथे गळ घालू नये. कोमट रेफरन्स नसलेल्या रेफरन्सपेक्षा अधिक नुकसान करतो, कारण फोन करणारा माणूस शब्दांपेक्षा थांबण्याकडे अधिक लक्ष देतो. “कशी होती?” या प्रश्नानंतर तीन सेकंद शांतता आणि मग “ठीक होती” एवढे आले, की पुढच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्याच रंगात वाचली जातात.

माझ्या बाबतीत निवृत्त प्लांट हेडनी अर्ध्या तासात ‘१’ पाठवला. साहेबांचा ‘२’ दुसऱ्या दिवशी रात्री आला आणि त्यामागोमाग एक ओळ आली: “इथल्या मंडळींना कळलं तर बरं दिसणार नाही. काम चांगलं होतं तुझं.” त्या दुसऱ्या वाक्याला धरून मी त्यांना ‘१’ कडे ओढू शकले असते. मी फक्त “समजले साहेब, तेवढेच पुरे आहे” असे लिहिले.

६. होकारानंतर त्यांचे काम हलके करा

‘१’ म्हणणाऱ्याला एक लहान टिपण पाठवावे. मोबाईलच्या पडद्यावर एका दृष्टीत मावेल एवढेच. माझ्या टिपणात दोन्ही कालावधी, कागदावरचा हुद्दा, माझी दोन्ही आडनावे, नव्या जागेचे काम एका ओळीत आणि त्यांनी स्वतः पाहिलेला एक प्रसंग होता. प्रसंग असा: पंप बॉडीची कास्टिंग ब्लो होलमुळे, म्हणजे साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले की वाफेने पडणाऱ्या पोकळ्यांमुळे, नापास होत होती. मी पाळीच्या सुरुवातीला आणि मध्ये अशी दोनदा वाळूतील ओलावा मोजून तक्ता लावायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पाळीत पाणी जास्त पडते हे त्यातून उघड झाले. तो तक्ता प्लांट हेडनी स्वतः सकाळच्या बैठकीत भिंतीवर लावायला सांगितला होता. ‘मेहनती आहे, प्रामाणिक आहे’ ही विशेषणे कोणाहीबद्दल बोलता येतात. तक्त्याची गोष्ट फक्त त्यांनाच सांगता येते.

टिपणात काय बोलायचे ते शिकवू नये. एक गोष्ट मात्र मोकळेपणाने लिहावी. कुठे कमी पडत होती हा प्रश्न येतोच, म्हणून मी लिहिले: “माझे रिपोर्ट उशिरा येत, हे आपण दोनदा बोलला होता. तसे सांगितले तरी चालेल.” त्यामुळे त्यांना आडपडदा ठेवावा लागत नाही. नोकरी सोडण्याचे कारण किंवा नोटिशीचा काळ याबद्दल खोटे बोलायला कधीही सांगू नये. त्याच गोष्टी एचआरकडूनही येणार असतात.

त्यानंतर संपर्काचे तपशील. कोणता ईमेल द्यायचा हे त्यांनाच विचारावे. काही एजन्सी कंपनीचाच ईमेल मागतात, पण जुन्या कंपनीचा ईमेल बंद झालेला असतो आणि सध्याच्या कंपनीचा वापरणे त्यांना नको असते. निवृत्त माणसाकडे तर खासगी ईमेलच असतो. अशा वेळी आपण भरती पाहणाऱ्याला आधीच कळवावे आणि खासगी ईमेल चालेल का याचे उत्तर लेखी घ्यावे. ‘२’ म्हणणाऱ्या साहेबांबद्दलही मी तसेच कळवले: हे फक्त माझे रिपोर्टिंग त्यांच्याकडे होते याची खात्री देतील, कामाबद्दल दुसऱ्या व्यक्तीशी बोलावे. भरती पाहणाऱ्या बाईंनी त्याला काहीही हरकत घेतली नाही.

नाव दिले त्याच दिवशी दोघांनाही सांगावे, एजन्सीचे नाव कळले असल्यास तेही. हे फोन बहुधा परगावच्या अनोळखी क्रमांकावरून येतात, मोबाईलवर ते ‘स्पॅम’ म्हणून दिसतात आणि माणूस ते कापून टाकतो. ईमेलही अनेकदा स्पॅममध्ये पडतो आणि त्यातील दुव्याची मुदत संपून जाते. सोयीची वेळ एजन्सीला कळवताना पाळी बदलण्याचा तास आणि साप्ताहिक सुट्टी सांगावी. वसाहतीतील कारखान्याची सुट्टी रविवारीच असते असे नाही.

७. नकार आला तर

“कळवल्याबद्दल धन्यवाद, साहेब” एवढेच लिहावे आणि त्याच दिवशी दुसरे नाव द्यावे. कारण विचारू नये. तिसऱ्या माणसाकरवी शब्द टाकू नये. दुसरे नाव नसेल, तर त्याच विभागात दैनंदिन काम पाहणारा पर्यवेक्षक, किंवा ग्राहकाकडचा ज्याच्याशी तुम्ही तक्रारींचा पाठपुरावा केला तो क्वालिटीचा माणूस, हे पर्याय भरती पाहणाऱ्याला विचारून वापरता येतात. नातेवाईक चालत नाही, आणि त्याचे नाते लपवले तर ते उघडे पडते.

८. निकाल कळवा आणि तिथेच थांबा

नोकरी मिळाली किंवा नाही मिळाली, दोघांनाही तीच बातमी त्याच दिवशी द्यावी. मी रुजू होण्याचे पत्र मिळाल्यावर प्लांट हेडना फोन केला. त्यांना एजन्सीने तक्त्याबद्दलच सर्वाधिक विचारले होते, आणि रिपोर्ट उशिरा येत हेही त्यांनी सांगून टाकले होते. साहेबांना मात्र निरोपच पाठवला, कारण त्यांना सध्याच्या कंपनीत माझा फोन घेणे सोयीचे नव्हते.

मिळालेला होकार त्या एका जागेपुरता असतो. सहा महिन्यांनी दुसरीकडे अर्ज केलात, तर तोच निरोप नव्या कंपनीच्या तपशिलासह, तिन्ही पर्यायांसकट, पुन्हा पाठवावा. तोवर त्यांची कंपनी बदललेली असू शकते आणि गेल्या वेळचा ‘१’ या वेळी ‘३’ होऊ शकतो.